दोन हजार एकशे साठ रुपयांची मेल

मेलच्या विषयाच्या ओळीतच दोन आकडे होते : ‘दरपत्रकातील करगणनेत दुरुस्ती – एकूण रु. १,८९,००० ऐवजी रु. १,९१,१६०.’ मेल उघडायच्या आधीच काय बदललंय आणि कितीने बदललंय ते मला समजलं. मी आधी नोकरीत आणि आता शाळेच्या कार्यकारिणीचा खजिनदार म्हणून लोकांची कोटेशनं, बिलं आणि त्यांच्या दुरुस्त्या वाचत आलोय. अशा वेळी बहुतेक जण विषयात ‘महत्त्वाचे’ लिहितात, नाहीतर नुसतं ‘रिव्हाइज्ड कोटेशन’, आणि सोबत नवी पीडीएफ जोडून मोकळे होतात. मग जुनी काढा, नवी शेजारी ठेवा आणि एकेका ओळीवर बोट फिरवत फरक शोधा, हे काम घेणाऱ्याच्या गळ्यात.

प्रकरण साधं होतं. कोकणातल्या आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवासाठी एक छोटा माहितीपट करायचं ठरलं होतं. पुण्यातली एक मुलगी असं काम स्वतंत्रपणे करते. कंपनी वगैरे काही नाही. कॅमेरावाला आणि साउंडवाला कामापुरते बरोबर घेते, संकलन स्वतः करते. तिचं कोटेशन आमच्याकडे आलं होतं, तुलनात्मक तक्त्यात तिचा आकडा चढलाही होता, आणि कार्यकारिणीची सभा चार दिवसांवर होती. तेवढ्यात ही मेल आली.

मेल मोठी नव्हती. मुख्य भाग इथे देतो :

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी पाठवलेल्या दरपत्रकात जीएसटीची रक्कम चुकली आहे. कामाचे दर, प्रवास-निवासाची रक्कम आणि दिलेली सूट यांत काहीही बदल नाही; बदल फक्त करात आणि त्यामुळे एकूण रकमेत आहे.

आधी मी १,५०,००० रुपयांच्या कामावरच १८ टक्के, म्हणजे २७,००० रुपये कर धरला होता. प्रवास-निवासाचे २२,००० रुपये कराच्या नंतर मिळवले होते आणि सुटीचे १०,००० रुपये अगदी शेवटी वजा केले होते. दोन्ही गोष्टी कर लावण्याच्या आधी यायला हव्या होत्या. बरोबर गणित असे : १,५०,००० अधिक २२,००० वजा १०,००० म्हणजे करपात्र रक्कम १,६२,०००. त्यावर सीजीएसटी ९ टक्के १४,५८०, एसजीएसटी ९ टक्के १४,५८०. एकूण १,९१,१६०. फरक २,१६० रुपयांनी जास्त.

कार्यकारिणीने आधीची रक्कम मंजूर करून कळवले असल्यास मी त्याच एकूण रकमेत काम करीन. तसे नसल्यास कृपया सुधारित रक्कम विचारार्थ घ्यावी. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.’

दिलगिरी एका वाक्यात आणि तीही शेवटी. मला हे आवडलं. दुरुस्तीच्या पत्रात पहिला परिच्छेदभर ‘मला खूपच वाईट वाटतंय, असं माझ्याकडून कधी होत नाही’ असा मजकूर आला की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्याला वाटतं चूक वीस-पंचवीस हजारांची असणार.

पण मी थांबलो ते त्या २,१६० वर. या आकड्यात एक नव्हे, दोन चुका आहेत, आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात. प्रवास-निवासाचे २२,००० कराच्या बाहेर ठेवल्यामुळे कर ३,९६० रुपयांनी कमी लागला होता. सूट करानंतर वजा केल्यामुळे तो १,८०० रुपयांनी जास्त लागला होता. एकातून दुसरी वजा केली की राहतात २,१६०. तिने फक्त सुटीची चूक सांगितली असती तर आमचे १,८०० वाचले असते आणि आम्ही तिची पाठ थोपटली असती. फक्त प्रवासाची सांगितली असती तर आमच्या माथी ३,९६० पडले असते. नुसता निव्वळ फरक सांगितला असता, तर तक्ता तपासताना मला तो आकडा कुठूनच जुळला नसता, कारण १८ टक्क्यांनी २,१६० रुपये यायला १२,००० ची रक्कम लागते आणि तिच्या कोटेशनमध्ये १२,००० असा आकडाच नव्हता. आडनिड्या फरकामागे बऱ्याचदा अशा दोन चुका लपलेल्या असतात. एक सापडली की माणूस समाधानाने फाइल मिटतो आणि दुसरी तशीच राहते.

अशी चूक होते कशी, हे तिचं पहिलं कोटेशन पाहिलं की कळतं. पटकथा आणि संशोधन ३०,०००, दोन दिवसांचं चित्रीकरण ६०,०००, संकलन ४५,०००, ध्वनी आणि निवेदन १५,०००. या चार ओळींखाली कराची ओळ. कोणत्या तरी जुन्या, पुण्यातल्या पुण्यात झालेल्या कामाचा हा एक्सेलचा साचा असणार. तिथे प्रवास नव्हताच. त्या साच्यातलं सूत्र असं असणार :

```
=SUM(D4:D7)*18%
```

आमच्यासाठी प्रवासाची ओळ वाढवायची झाली, तेव्हा ती मोकळी जागा दिसली तिथे, म्हणजे कराच्या ओळीखाली गेली. सूट तर सगळेच सगळ्यात खाली लिहितात, कारण ती डोळ्यात भरावी असं देणाऱ्याला वाटतं. एक्सेलने बेरीज अचूक केली. त्याला जे दिलं होतं त्याची.

ही चूक घेणाऱ्यालाही पकडता येते आणि त्यासाठी कोटेशनमधल्या ओळी वाचाव्याही लागत नाहीत. सगळ्या कामाला एकच दर लागू असेल, तर एकूण रकमेला १८ ने गुणायचं आणि ११८ ने भागायचं. जे उत्तर येईल तोच कर वर लिहिलेला असायला हवा. १,८९,००० चं असं केलं तर २८,८३०.५१ येतात, आणि कोटेशनमध्ये लिहिलेत २७,०००. इथेच काहीतरी करापासून सुटलंय किंवा करात उगीच अडकलंय हे कळतं. सुधारित १,९१,१६० चं केलं तर बरोबर २९,१६० येतात. हा भागाकार मी तक्ता करतानाच करायला हवा होता असं कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण आमच्या तक्त्यात फक्त शेवटचा आकडा चढतो, आणि तो का ते पुढे सांगतो.

मी मेल व्हॉट्सॲपवर कार्यकारिणीच्या ग्रुपला टाकली आणि पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच होता. ‘प्रवासखर्चावर कसला जीएसटी? तो काय तिचा नफा आहे का?’ पाठोपाठ आणखी एक : ‘गाडीवाल्याने टॅक्स लावलाच असेल. त्यावर परत टॅक्स?’

हा समज इतका पक्का आहे की स्वतः कर भरणारी माणसंही त्यात अडकतात. जीएसटी नफ्यावर लागत नाही, तो मोबदल्यावर लागतो. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १५ सांगतं की सेवा देणारा सेवेच्या निमित्ताने घेणाऱ्याकडून जो आनुषंगिक खर्च वसूल करतो, तोही सेवेच्या मूल्यातच धरायचा. ती आम्हाला गाडी विकत नाहीये, लॉजची खोलीही विकत नाहीये. ती माहितीपट देतेय, आणि तो करायला तिला पुण्याहून इथे यावं लागतं. गाडीभाडं हा तिच्या कामाचा खर्च, जसा कॅमेऱ्याच्या भाड्याचा. कॅमेऱ्याचं भाडं वेगळ्या ओळीत लिहिलं असतं तर ते करमुक्त ठेवा असं कोणी म्हटलं नसतं. प्रवास म्हटला की मात्र सगळ्यांना सरकारी नोकरीतला टीए-डीए आठवतो.

याला एक वाट आहे, पण ती अरुंद आहे. जीएसटी नियम ३३ मध्ये ‘प्युअर एजंट’ नावाची सोय आहे. दुसऱ्याच्या वतीने, त्याच्या सांगण्यावरून, त्याच्याच उपयोगाच्या गोष्टीचे पैसे आपण भरले आणि जेवढ्यास तेवढे बिलात वेगळे दाखवून परत घेतले, तर त्यावर कर नाही. कंपनी स्थापन करून देणारा सल्लागार नोंदणीची सरकारी फी भरतो, ती या प्रकारची. कंपनी ग्राहकाची, फीही ग्राहकाचीच. पण स्वतः राहिलेली खोली आणि स्वतः जेवलेलं जेवण ग्राहकाच्या वतीने घेतलं असं कसं म्हणणार? पावत्या जोडल्या, एक रुपयाही वर घेतला नाही, तरी ते त्या सोयीत बसत नाही. ‘ॲक्चुअल्स’ असं लिहिलं की कर सुटतो, ही अनेक फ्रीलान्सरांची समजूत इथेच आपटते.

सुटीचं उलट आहे. काम देण्याआधी किंवा देताना दिलेली आणि बिलात लिहिलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते, तेही कलम १५ च सांगतं. म्हणजे तिने आम्हाला दहा हजार सोडले तेव्हा प्रत्यक्षात आमचे ११,८०० वाचायला हवे होते. पहिल्या कोटेशनमध्ये दहाच हजार वाचत होते. उरलेल्या १,८०० वर ना तिचा हक्क होता ना सरकारचा.

ग्रुपवर तिसरा प्रश्न आमच्या अध्यक्षांनी टाकला. ‘शाळेला जीएसटी माफ असतो ना?’

माफ आहे ती शाळा देते ती सेवा, म्हणजे शिक्षण. आम्ही फीवर जीएसटी लावत नाही. शाळा विकत घेते त्यातल्या मोजक्याच गोष्टी बारावीपर्यंतच्या शाळांना माफ आहेत : विद्यार्थ्यांची ने-आण, खानपान, सुरक्षा आणि साफसफाई, प्रवेश आणि परीक्षांशी संबंधित कामं. माहितीपट त्यात येत नाही. आणि आमचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आम्ही भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिटही आम्हाला मिळत नाही. हाच चुकीचा हिशेब एखाद्या कारखान्याला गेला असता, तर त्याच्या अकाउंटंटने खांदे उडवले असते. वाढलेला कर तो स्वतःच्या करातून वळता करून घेतो, त्याला कामाची मूळ किंमत तेवढी महत्त्वाची. आमच्यासारख्या शाळेला, दवाखान्याला किंवा घरच्या कामासाठी कोणाला बोलावणाऱ्या माणसाला कर हा सरळ खिशातून जाणारा पैसा असतो. म्हणून आमच्या तक्त्यात करासहित शेवटचाच आकडा चढतो आणि त्याचीच तुलना होते. फ्रीलान्सरने दुरुस्ती पाठवताना समोर यातला कोण आहे हे पाहावं. कारखान्याला ‘फक्त करात बदल आहे’ एवढं पुरतं. आम्हाला ते वाक्य धीर देत नाही.

आणि इथेच खरी अडचण होती, जी तिला माहीत नव्हती आणि मी तिला सांगू शकत नव्हतो. तक्त्यात तिच्याखेरीज दोन नावं होती. एक गावातलाच मुलगा, जीएसटी नोंदणी नसलेला. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसेल तर त्याला कर घेताही येत नाही, त्यामुळे त्याचा आकडा सगळ्यात कमी होता. पण त्याने आजवर लग्नंच चित्रित केली होती. समितीने त्याचे नमुने पाहून त्याला आधीच बाजूला ठेवलं होतं. दुसरा कोल्हापूरचा एक स्टुडिओ. त्याचं कोटेशन एका ओळीचं : ‘सर्व खर्च व करांसह रु. १,९०,०००.’

१,८९,००० असताना ती एक हजाराने स्वस्त होती. मेल पाठवून ती १,१६० रुपयांनी महाग झाली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ‘सर, मेल मिळाली ना? काही अडचण तर होणार नाही?’ मी म्हटलं, ‘मिळाली. सभेपुढे ठेवतो.’ त्याहून एक शब्द जास्त बोललो असतो तर कोल्हापूरकरांशी ती लबाडी झाली असती. ती क्षणभर थांबली, मग ‘ठीक आहे सर’ म्हणून तिने फोन ठेवला. तिला काहीतरी लक्षात आलं असावं, नसेलही.

सभेत आमच्या निवृत्त गणिताच्या सरांनी सुरुवातच केली. ‘ज्यांना टक्केवारी जमत नाही त्यांच्याकडून शाळेचा इतिहास काढून घ्यायचा?’ हशा झाला. पण सरांनीच पुढे मेलमधलं शेवटचं वाक्य नेमकं हेरलं. ‘आधीची रक्कम मंजूर करून कळवली असेल तर त्यातच काम करीन, असं त्या लिहितात. मग कळवलं होतं असं लिहा की! मागची तारीख टाका. दोन हजारांचा प्रश्न मिटला.’

हे गमतीत होतं का, मला अजून नक्की सांगता येणार नाही. पण दोघातिघांनी मान हलवली, तेव्हा मला बोलावं लागलं. कोटेशन म्हणजे प्रस्ताव. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम ५ स्पष्ट आहे : समोरच्याने स्वीकार कळवण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. आम्ही काहीच कळवलं नव्हतं. सभा व्हायची होती, ठराव व्हायचा होता. तेव्हा १,८९,००० हा आकडा तिच्या मेलबरोबरच संपला होता. उलट आम्ही खरंच कळवलं असतं, तर गोष्ट फिरली असती. त्याच कायद्यानुसार एकाच बाजूची चूक, आणि तीही कर कसा लागतो याबद्दलची, एवढ्यावर करार मोडता येत नाही. फरक तिला सोसावा लागला असता. तिने मेलमध्ये ‘कळवले असल्यास’ असं लिहिलं, त्यात नम्रता होती तशी व्यवहाराची जाणही होती. जिथे तिला बांधील राहावंच लागलं असतं तिथेच ती बांधील राहायला तयार होती. न कळवलेल्या मंजुरीसाठी तिने काहीही देऊ केलेलं नव्हतं.

एका बाईंनी विचारलं, तिने सोसायचं ठरवलं असतं तर तिचे किती गेले असते? २,१६० का? नाही. एकूण रक्कम १,८९,००० ठेवायची तर तिला कामाची रक्कम कमी करावी लागली असती, आणि ती कमी झाली की तिच्यावरचा करही कमी होतो. १,८९,००० भागिले १.१८ म्हणजे १,६०,१६९.४९. मूळ १,६२,००० तून वजा केले तर तिचे जातात १,८३०.५१, बाकीचं सरकारचं कमी होतं. जीएसटी नियम ३५ मध्ये करासहित रकमेतून कर वेगळा काढायचं सूत्र दिलंय ते हेच. बरेच जण इथे १,८९,००० चे थेट १८ टक्के काढतात, म्हणजे ३४,०२०, आणि तेवढा कर भरून बसतात. स्वतःहून सोसायला निघालेला माणूस अशा वेळी विनाकारण पाचेक हजार जास्तीचे सोसतो.

गणिताचे सर गप्प झाले. बेरजा-वजाबाक्या आल्या की ते प्रामाणिक होतात.

निर्णय काय घ्यायचा यावर मात्र बराच वेळ गेला. कोल्हापूरच्या स्टुडिओला द्यावं, कारण आता तो कमी आहे, असं एक मत. हजार-बाराशेसाठी आपल्याला आवडलेली व्यक्ती सोडू नये, हे दुसरं. माझं म्हणणं होतं की दोन्ही कोटेशनांमध्ये निवासाचा आणि जेवणाचा खर्च धरलाय, तो आपण उचलू शकतो. शाळेजवळच एका माजी विद्यार्थ्याचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं, जेवण वसतिगृहात होईल. पण हे दोघांनाही एकाच दिवशी, एकाच शब्दांत कळवायचं आणि दोघांकडूनही नवे दर मागवायचे.

पत्रात मी एक वाक्य मुद्दाम घातलं : ‘निवास व भोजनाची व्यवस्था शाळेची राहील, ती सेवा देणाऱ्याच्या कामाच्या कक्षेत नाही.’ हे आधी लिहून ठेवणं गरजेचं असतं. कराराप्रमाणे जो खर्च सेवा देणाऱ्याने करायचा, तो ग्राहकाने परस्पर भरला तरी कलम १५ त्याला मूल्यात ओढून घेतं. म्हणजे कोटेशनमध्ये तिचाच खर्च म्हणून लिहिलेला आणि मग ‘लॉजचं बिल तुम्हीच परस्पर भरा म्हणजे कर वाचेल’ असं ठरवलं, तर ते चालत नाही. खर्च कोणाचा हे कामाच्या अटींत आधी ठरलं पाहिजे.

तिच्या मेलबद्दल माझी एक तक्रार होती, ती मी याच पत्रासोबत तिला कळवली. मेलचा मजकूर जितका नेटका, तितकं सोबतचं कोटेशन गैरसोयीचं होतं. दोन्ही फाइलींचं नाव एकच, `Quotation_Final.pdf`. दोन्हीवर क्रमांक तोच, तारीख तीच. संगणकावर एकीने दुसरीची जागा घेतली असती, आणि छापून फाइलला लावल्या असत्या तर उद्या लेखापरीक्षकाच्या हाती दोन आकड्यांचा एकच कागद आला असता. त्याला तिची मेल कोण दाखवणार? सुधारित कोटेशनला मूळ क्रमांकापुढे ‘सुधारित १’ असं काहीतरी जोडलेलं हवं, तारीख नवी हवी, आणि त्यावरच एक ओळ हवी की आधीचं दरपत्रक रद्द. मेल विसरली जाते, कागद राहतो.

दोन दिवसांत दोन्ही नवे दर आले. तिने २२,००० तून निवास-भोजनाचे १३,००० काढले होते, गाडीचे ९,००० ठेवले होते. करपात्र रक्कम १,४९,०००, कर २६,८२०, एकूण १,७५,८२०. वर ‘सुधारित २’ आणि ‘हे दरपत्रक आधीच्या दोन्ही दरपत्रकांची जागा घेते’. कोल्हापूरच्या स्टुडिओने ठोक आकड्यातून ठोक आकडा वजा करून १,८२,००० कळवले. त्यांचा कर त्यात किती, सूट कशावर, काही सांगितलेलं नव्हतं. काम तिला गेलं.

तिने निम्मी रक्कम आगाऊ मागितली होती, ८७,९१०. त्यातही कर आहे, १३,४१०, हे पाहून अध्यक्ष चकित झाले. ‘अजून कॅमेरा उघडला नाही आणि टॅक्स?’ सेवांच्या बाबतीत बिल आधी झालं किंवा पैसे आधी आले, तर जे आधी होईल तेव्हा कर देय होतो. आगाऊ पैशांची रीतसर पावती करून तो तिला त्या महिन्याच्या हिशेबात दाखवावा लागतो. म्हणजे तिची चूक ॲडव्हान्सनंतर सापडली असती तर तिला पावतीपासून सगळं निस्तरावं लागलं असतं, आणि बिल झाल्यावर सापडली असती तर कलम ३४ खाली डेबिट किंवा क्रेडिट नोट काढावी लागली असती. कोटेशनच्या टप्प्यावर मात्र एक मेल पुरते. कोटेशनची नोंद सरकारकडे कुठेच नसते. ती असते फक्त आमच्यासारख्यांच्या तक्त्यात आणि इतिवृत्तात.

सभा संपल्यावर गणिताचे सर माझ्याजवळ आले. १८ ने गुणून ११८ ने भागायचं ते त्यांना पुन्हा बघायचं होतं. त्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला, समारंभाच्या मंडपवाल्याचं कोटेशन पुढे ओढलं आणि पेन्सिलीने मांडणी केली. एकूण ९४,०००, म्हणजे कर हवा १४,३३८.९८. कागदावर होता १३,५००. सरांचे डोळे चमकले. कराच्या ओळीखाली एकटीच ओळ होती : वाहतूक ५,५००. फरक ९९० रुपयांचा.

मी मंडपवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘साहेब, नऊशे नव्वदचं काय घेऊन बसलात? बिलात बघू की.’ लेखी पाठवा म्हटलं, तर हो म्हणाला. त्याला आता पंधरवडा झाला. सर रोज विचारतात, मेल आली का म्हणून.